खंडेनवमीला न दिलेली गोळी

छातीची गोळी डॉक्टरने लिहून दिली तेव्हा ती कशी घ्यायची हे नीट ऐकून घेणारी माझी बायको होती, मी नव्हे. मी चौथी शिकलेला, ती तेवढीही नाही. पण तिने डॉक्टरला उलटसुलट विचारून भंडावून सोडलं होतं. छाती आवळली की आधी खाली बसायचं, उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडाल. गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. पाच मिनिटं वाट बघायची. तेवढ्यात दुखणं थांबलं नाही तर पाहुणे बसलेत का जेवण वाढलंय हे बघायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायची. डोकं ठणकेल, तोंड लाल होईल, त्याला घाबरायचं नाही.

गोळीचं नाव नायट्रोग्लिसरीन. आमच्या फोरमनने सांगितलं की मोशीच्या खाणीत दगड फोडायला सुरुंग लावायचे त्यात हेच असायचं. मी घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "बरंच झालं. तुमच्या तोंडातून नाहीतरी बारच उडतात."

गोळ्या तपकिरी काचेच्या बाटलीतून येतात. त्या बाटलीतच ठेवायच्या, पुडीत बांधायच्या नाहीत, डबीत टाकायच्या नाहीत. झाकण घट्ट पाहिजे. बाटली एकदा उघडली की गोळीचा जोर हळूहळू उडून जातो, म्हणून ठरल्या वेळी बदलायची. ही बदलायची वेळ लक्षात कशी ठेवायची? नवीन बाटली उघडली की बायको झाकणावर आपली एक टिकली चिकटवायची. एका बाटलीला लाल, पुढचीला हिरवी. हाताच्या घामाने टिकलीचा रंग उडाला की ती म्हणायची, "चला, मेडिकलमध्ये." माझ्या शर्टाच्या वरच्या खिशाला तिने बटण लावून झाकण शिवलं होतं. आतल्या खिशात ठेवू द्यायची नाही, अंगाची ऊब लागते म्हणून.

ती गेली त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. मूत्रपिंडं गेली तिची. माझ्या छातीची काळजी करता करता स्वतःच्या सुजलेल्या पायांकडे बघायचं राहिलं. दापोडीच्या खोलीत आरशामागे तिचं टिकल्यांचं पाकीट अजून खोचलेलं आहे. नवीन बाटली आणली की त्यातली एक काढून मी लावतो. माझ्या जाड बोटांना ती सरळ लागत नाही.

मी पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीत तपासणी खात्यात होतो. प्रेस मशिनीवरून पीस यायचा, मी त्याच्या भोकाला मापाचा गेज लावायचो. गेजची एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. दोन्ही गेल्या तर पीस भंगारात. आयुष्यभर हेच केलं. पीस चांगलाच असणार असं धरून बघितलं की फसलात. त्यामुळे संशय घेणं हा माझा स्वभाव नव्हे, माझा धंदा होता. बायको म्हणायची की धंदा कंपनीच्या गेटवर ठेवून घरी यावं. मला ते जमलं नाही आणि आता सांगणारीही राहिली नाही.

त्याच कंपनीत टूलरूममध्ये माझा एक दोस्त होता. मावळातल्या गावचा. रिटायर झाल्यावर त्याने चाकणला पत्र्याची शेड टाकली, दोन प्रेस आणि एक लेथ. गाड्यांना लागणारे ब्रॅकेट बनवतो. मुलगा सगळं बघतो, पण हा रोज येऊन बसतो. बायको गेल्यावर घरात बसून मी वेडा झालो असतो. त्याने मला बोलावून घेतलं. म्हणाला, "घरी भिंतीशी भांडण्यापरीस इथं येऊन माझ्या पिसांशी भांड." तेव्हापासून मी सकाळी बस धरतो आणि चाकणला जाऊन गेज लावतो.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या ह्या दोस्ताला चढ चढला, वजन उचललं की छातीत आवळून यायचं. मी म्हटलं डॉक्टरकडे चल. नाही. "गॅस हाय" म्हणायचा. एकदा माळ्यावरून रॉड काढताना पांढराफटक पडला आणि खाली उकिडवा बसला. मी माझ्या बाटलीतली गोळी त्याच्या जिभेखाली दिली. थोड्या वेळाने त्याला बरं वाटलं. मग ते तसंच चालू झालं. त्याला आवळलं की हात पुढे करायचा, "दे." मी द्यायचो. आपण डॉक्टर नाही, दुसऱ्याची गोळी अशी वाटायची नसते, हे कळत होतं. पण आम्ही कंपनीतली माणसं. तिथे मायक्रोमीटर टूलरूममधून काढायचा तर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला तिथल्या खिळ्याला अडकवून यायचा. बिल्ला ज्याचा, त्याच्या नावावर ते हत्यार. वापरायचे मग सगळेच. ह्या बाटलीवर माझा बिल्ला होता आणि वापरायचे दोघे. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

गेल्या वर्षी ह्या दोस्ताने लग्न केलं. त्याची पहिली बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. ही तळेगाव दाभाड्याची, विधवा, पन्नाशीची, अंगणवाडीत काम केलेली. लग्न देवळात झालं, मी साक्षीला होतो. मुलगा फारसं बोलला नाही. मीही नाही बोललो. पण मला ती बाई पहिल्या दिवसापासून पटली नाही. का पटली नाही ते सांगता यायचं नाही. दुपारी शेडवर डबा घेऊन यायची, माझ्यासाठीही वेगळा आणायची, "भाऊजी, भाकरी गरम आहे, खाऊन घ्या" म्हणायची. माझं आपलं एकच. हिला काय पाहिजे? शेड रस्त्याला लागून आहे, जागा दोस्ताच्या नावावर आहे.

मग मी बघायला लागलो. दोस्ताचं तोंड अधूनमधून लालबुंद दिसायचं. डोकं धरून बसायचा. नाक चोंदलेलं, आणि कंबर दुखतीय म्हणून लेथला टेकायचा. तोंड लाल आणि डोकं ठणकणं ही माझ्या गोळीची लक्षणं. मला आधी वाटलं हा माझ्या नकळत बाटलीतून गोळ्या काढतोय. मी बाटली कानाशी हलवून बघायला लागलो. गोळ्या होत्या तेवढ्याच होत्या. मग दुसरं कोण काय देतंय?

एक दिवस तो मुलाबरोबर माल पोचवायला गेला होता. वहिनी डबा घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही ह्यांना ती जिभेखालची गोळी देता ना?"

"देतो. का?"

"ती एका वेळी किती घेतली तर माणसाला अपाय होतो?"

माझ्या हातात घास होता. मी तो खाली ठेवला. म्हणालो, "तुम्हाला काय करायचंय?"

"नाही, सहज."

"असं सहज कोण विचारतं?"

तिने डब्याची झाकणं लावली आणि निघून गेली. भाजी अर्धी राहिली होती, ती मी कुत्र्याला घातली. कुत्रं जिवंत आहे का, हे दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. खोटं कशाला सांगू.

दोस्ताला सांगावं तर कसं? नवीन बायकोबद्दल बोललो तर तो मलाच शेडबाहेर काढेल. मी वाकड्या वाटेने विचारलं, "घरी जेवण कसं मिळतंय?"

"झ्याक."

"काही वेगळं घालत नाही ना त्यात? चूर्ण, काढा?"

"तुला काय झालं रं? वैद्य झालास व्हय?"

"तोंड लाल दिसतंय तुझं."

"लाल न्हाई, तेज हाय. नवरदेव हाय म्या. तू जळतोस." आणि हसत सुटला. पण हसताना अंगठ्याने तर्जनी चोळत होता. हा माणूस काहीतरी लपवतो तेव्हा अंगठा चोळतो. साहेबासमोर तुटलेल्या ड्रिलबद्दल तो खोटं बोलायचा तेव्हा मी हे किती वेळा बघितलंय.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशिनी धुवायचं काम चाललं होतं. आमच्याकडे खंडेनवमीला मशिनीची पूजा असते. प्रेस बंद ठेवायचा, सोडा घातलेल्या पाण्याने धुवायचा, हळदकुंकू, झेंडूची माळ. सगळे कामाला लागलेले. दोस्त हत्यारांच्या रॅकमागे गेला, पाठ फिरवली, काहीतरी तोंडात टाकलं, वर पाण्याचा घोट घेतला. मी बघितलं. तो बाहेर आल्यावर मी रॅकमागे गेलो. फटीत चांदीच्या कागदाचा एक फाटका तुकडा पडला होता. मागे इंग्रजी अक्षरं. मला वाचता येत नाहीत. मी तो खिशात घातला.

त्या दिवशी लवकर निघालो. दापोडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे. मालक मुसलमान, त्याच्या बापापासून आमची ओळख. माझी बाटली तिथूनच येते, तेही डॉक्टरची चिठ्ठी दाखवल्यावर. मी कागद गल्ल्यावर ठेवला.

"हे विष आहे का ते सांग."

त्याने चष्मा वर केला, कागद बघितला, मग मला बघितलं. मग दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला सामान देऊन वाटेला लावलं.

"चाचा, ही तुम्ही घेतली?"

"मी कशाला घेऊ? आहे काय ते सांग ना."

"पुरुषाची गोळी आहे." तो आवाज खाली आणून म्हणाला. "म्हणजे... मर्दानगीची. अंथरुणात..."

"कळलं, कळलं."

मला हसू आलं. इतके दिवस मी विष शोधत होतो! पण त्याला हसू आलेलं नव्हतं. त्याने गल्ल्यावर हात ठेवला. "चाचा, हसण्यावारी नेऊ नका. तुमच्या खिशात जी बाटली आहे ना, ती गोळी आणि ही गोळी एका माणसाच्या पोटात जाता कामा नये. तुमची गोळी नसा सैल करते. हीसुद्धा नसा सैल करते, हिनेपण तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. दोन्ही एकत्र आल्या की रक्तदाब धाडकन खाली येतो. हृदयाला रक्त पुरत नाही, माणूस बसल्या जागी जातो."

"आज एक घेतली आणि उद्या दुसरी घेतली तर?"

"तरीपण. ह्या जातीच्या काही गोळ्यांचा असर एक दिवस राहतो. ही लांब चालणारी आहे, दोन दिवस अंगातून जात नाही. आणि खरं सांगू? ज्याला छातीसाठी जिभेखालची गोळी लागते, त्याने ही घ्यायचीच नाही. कोण आहे?"

"आहे एक गाढव."

"त्याला आजच सांगा."

मी खोलीवर आलो. आजवर दोन्ही गोळ्यांची गाठ पडली नाही हे त्याचं नशीब, असं वाटेत मनात आलं. फोन हातात घेतला. पण फोनवर हे कसं बोलायचं? फोन नेहमी वहिनी उचलते. आणि माझा संशय अजून गेलेला नव्हता. हा आपल्या मनाने घेतोय की ती बाई देतेय? तिने किती गोळ्यांनी अपाय होतो असं विचारलं होतं. तिला हे माहीत असेल तर? एक गोळी ती देणार, दुसरी माझ्या हातून जाणार, आणि नाव कुणाचं होणार? माझं. हे डोक्यात आलं तेव्हा मी फोन खाली ठेवला. ठरवलं की सकाळी पूजेच्या आधी त्याला बाजूला घेऊन तोंडावर सांगायचं.

सकाळी रस्ता ट्रकांनी तुंबलेला. पोचलो तेव्हा पूजा चालू झालेली. शेड झेंडूने पिवळी झाली होती. दोस्त नवा सदरा घालून प्रेससमोर बसलेला, शेजारी वहिनी. मुलगा, सून, पोरं, कामगार, वहिनीचा भाऊ तळेगावहून आलेला. मी दोस्ताला खूण केली, बाहेर ये. त्याने हातानेच थांब म्हटलं.

आरती झाली. मग कोहळा फोडायचा होता. मुलगा म्हणाला मी फोडतो, तर हा म्हणाला, "मालक कोण हाय इथं?" मोठा कोहळा डोक्याच्या वर उचलला आणि दारात आपटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो वळला, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. डावा हात छातीवर. दोन पावलं चालला आणि बाकावर बसला.

"बाबा!" मुलगा धावला.

"काय न्हाई," दोस्त म्हणाला. घाम फुटला होता. मग त्याने माझ्याकडे बघून हात पुढे केला. नेहमीसारखा. "दे."

मी खिशाचं बटण उघडलं नाही.

"अरं दे की."

मी त्याच्यापुढे खाली बसलो, कानाशी तोंड नेलं. "काल रॅकमागे काय घेतलंस?"

"काय न्हाई."

"ती गोळी घेतलीस ना? खरं सांग. त्याच्यावर ही चालत नाही. मरशील."

त्याने मुलाकडे बघितलं, सुनेकडे, मेहुण्याकडे. "म्या काय बी घेतलं न्हाई," म्हणाला. आणि दुखत असतानाही त्याचा अंगठा तर्जनीवर चोळत होता.

मला तेवढं पुरलं. मी उभा राहिलो. "ॲम्ब्युलन्स बोलवा."

"काका, आधी गोळी द्या!" मुलगा ओरडला.

"द्यायची नाही."

"अहो, नेहमी देता ना!"

"आज नाही."

कामगार म्हणायला लागले, "काकाजी, दे दो ना, मालिक को दर्द है।" वहिनीचा भाऊ पुढे आला. "डोकं ठिकाणावर आहे का म्हाताऱ्याचं? माणूस तडफडतोय आणि हा खिसा धरून उभा आहे. मारायचंय का त्यांना?"

म्हणजे जे मी त्याच्या बहिणीबद्दल इतके दिवस मनात धरून होतो, ते आता सगळ्यांच्या तोंडावर माझ्याबद्दल उभं राहिलं होतं. मुलाने माझा खिसा धरला. बटण तुटलं. बायकोने शिवलेलं. बाटली त्याच्या हातात जाणार तोच मी ती ओढली, झाकण फिरवलं, आणि शेजारी मशिनी धुतल्याच्या पाण्याची बादली होती त्यात उपडी केली. गोळ्या, बाटली, टिकलीचं झाकण, सगळं. ह्या गोळ्या इतक्या बारीक असतात की पाण्यात पडल्या की संपल्या.

मुलाने माझी गचांडी धरली. "काय केलंत हे? काय केलंत?"

खरं कारण माझ्या ओठावर होतं. पण नवा सदरा घालून बसलेल्या त्या माणसाचं पोराबाळांत, सुनेपुढे काय राहील, असं मनात आलं आणि मी अडखळलो. तो एवढा त्रासात होता आणि तरी डोळ्यांनी मला सांगत होता, बोलू नको.

बोलली ती वहिनी. ती बाकावर त्याच्या मागे त्याला टेकू देऊन बसली होती. आवाज चढवला नाही.

"भाऊजींना सोडा. ह्यांनी ती पुरुषांची गोळी घेतलीय. काल. तिच्यावर छातीची गोळी द्यायची नसते. फोन लावा आधी."

सुनेने पोरांना बाहेर नेलं. मुलाने माझी कॉलर सोडली आणि फोन लावला. दोस्ताने डोळे मिटून घेतले.

मी वहिनीकडे बघत राहिलो. चारचौघांत, सख्ख्या भावासमोर, सावत्र मुलासमोर एवढं बोलायला कलेजा लागतो. मला मात्र तेव्हाही वाटत होतं, हिला हे कधीपासून माहीत?

ॲम्ब्युलन्समध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने छातीला पट्ट्या लावून ईसीजीचा कागद काढला, आणि पहिलं विचारलं, "जिभेखाली गोळी दिली का कुणी?"

"नाही," मी म्हटलं.

वहिनीने तिला दुसऱ्या गोळीचं सांगितलं, कधी घेतली ते सांगितलं. मी खिशातून तो चांदीच्या कागदाचा तुकडा काढून दिला. तिने तो वाचला आणि मान हलवली. "बरं झालं दिली नाहीत. आम्हीही देणार नाही आता." तिने त्याला रक्त पातळ करायची एक गोळी चावून खायला लावली आणि गाडी निघाली.

चिंचवडच्या हॉस्पिटलात त्याच्या हृदयाची एक नस जवळजवळ बंद निघाली. त्याच दिवशी स्टेंट टाकली. बाहेरच्या खुर्चीवर वहिनी आणि मी, मध्ये एक खुर्ची मोकळी. शेवटी मीच विषय काढला.

"तुम्हाला माहीत होतं."

"पाकिटातला कागद वाचला मी, गेल्या आठवड्यात. त्यांना म्हटलं ह्या गोळ्या टाकून द्या. मला ह्या गोळ्यांची गरज नाही. चिडले. म्हणाले तो कागद सगळ्याच औषधांत असतो. काल घरी आले तेव्हा तोंड लाल दिसलं, तेव्हाच कळलं मला, परत घेतलीय."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगायलाच बसले होते त्या दिवशी. किती घेतली तर अपाय होतो, असं विचारलं तुम्हाला. सुरुवात कुठून करायची तेच कळत नव्हतं. नवऱ्याचं असलं काही परक्या माणसाला सांगणं..." ती थांबली. "तुम्ही असे बघितलंत माझ्याकडे की मी उठलेच."

मी माफीबिफी मागितली नाही. माझ्या हातातले पीस असेच भंगारात जातात. एखादा चांगलाही जातो.

दोस्त वॉर्डात आल्यावर मला बघून त्याने तोंड भिंतीकडे केलं. "चार माणसांत अब्रू घालवली माझी."

"तुझ्या बायकोने घालवली. मी नुसती बाटली बुडवली."

मग भिंतीकडे बघूनच म्हणाला, "पिंपळे सौदागरला गेलो व्हतो डॉक्टरकडं. तिकडं कुणी वळखत न्हाई. त्यानं इचारलं व्हतं की रं. छातीत दुखतं का, जिभंखाली गोळी घेता का. म्या न्हाई म्हणलं."

"खोटं बोललास."

"खोटं कुठं? ती तुझी गोळी. माझ्या नावावर कुठं हाय? बिल्ला तुझा." आणि तो खरंच मनापासून म्हणत होता. त्या डॉक्टरने नेमका प्रश्न विचारला होता आणि ह्या गाढवाने टूलरूमचं उत्तर दिलं होतं. मला राग आला, आणि माझ्या त्या दिलदारीचाही आला.

इथल्या डॉक्टरने त्याला सगळं उलगडून सांगितलं. अंथरुणातली तक्रार हीच पुष्कळदा हृदयाच्या नसा तुंबल्याची आधीची खूण असते, लाज सोडून तेव्हाच यायला पाहिजे होतं. आता स्वतःची बाटली, स्वतःच्या नावाची चिठ्ठी. ती दुसरी गोळी बंद, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी दोन्हींचं खरं सांगायचं. दोस्त मान हलवत होता. मी त्याचा अंगठा बघत होतो. चोळत नव्हता. पण मी आणखी एक केलं. शेडवर गेलो आणि रॅकमागची फट, लेथचा खण, माळा, सगळं तपासलं. एक अर्धं पाकीट खणात सापडलं. ते मी वहिनीच्या हातात दिलं. तिने काही न विचारता घेतलं.

आता तो परत शेडवर बसतो. मलाही चिठ्ठी दाखवून नवीन बाटली आणावी लागली. आरशामागच्या पाकिटात थोड्याच टिकल्या उरल्यात. मी एक लावली. शर्टाचं बटण वहिनीने लावून दिलं. दोरा वेगळ्या रंगाचा आहे.

परवा दुपारी डबा खाताना माझीच छाती आवळली. मी बाकावर नीट बसलो, बाटली काढली, झाकण फिरवलं. वहिनीने हात पुढे करून मला थांबवलं.

"भाऊजी, काल-परवात दुसरी काही गोळी घेतलीत?"

"कसली?"

"ती."

"वहिनी, माझी बायको मेलीय. मी कुणासाठी घेऊ?"

दोस्त फिसकन हसला. ती हसली नाही. "तरी विचारायचं. माझ्या जागी तुम्ही असता तर विचारलं नसतंत?"

मी विचारलं असतं. दोनदा विचारलं असतं, आणि दुसऱ्यांदा विचारताना त्याच्या अंगठ्याकडे बघितलं असतं. माझी बायकोही मला असंच विचारायची, जेवलात का, उन्हातून आलात का, आणि उत्तर ऐकून पुन्हा तोंडाकडे बघायची. "नाही घेतली," मी म्हटलं. वहिनीने माझ्या हाताकडे बघितलं, मग हात बाजूला केला. मी गोळी जिभेखाली ठेवली. ती विरघळेपर्यंत वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी होती, आणि दोस्त माझ्या डब्यातली चटणी खात होता.